उत्तरपूजेनंतरचे नव्वद दिवस

आमच्याकडे गणपतीची उत्तरपूजा झाली की मूर्ती जागची जराशी हलवतात. बाप्पा तोच, पाट तोच, माटवीही तशीच. पण आता त्याच्यापुढे कुणी गाऱ्हाणं घालत नाही. तासाभरात उचलून पाण्यात नेतात, म्हणून बरं. माझी उत्तरपूजा 16 डिसेंबर 2024 ला, सोमवारी सकाळी अकरा वाजता राजीनामा दिला तेव्हा झाली आणि विसर्जनाला नव्वद दिवस होते.

रत्नागिरीतल्या एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळत होतो. डबे, झाकणं, क्रेट, गॅस सिलिंडर आणि बागायतदारांच्या शिव्या, सगळं माझ्या ताब्यात. लागलो तेव्हा नोटीस एक महिन्याची होती. पुढे मला ‘ऑफिसर’ केलं, पगारात दोन हजारांची भर पडली आणि त्या पत्राच्या मागच्या पानावर एका महिन्याचे तीन झाले. मागचं पान वाचण्याची आपल्याकडे पद्धत नाही. पेढे वाटण्याची आहे.

राजीनामा दिला त्या क्षणी पहिला बदल झाला तो व्याकरणात. आठ वर्षं मला “अरे, ते क्रेट कुठे मेले?” असं विचारणारे मॅनेजरसाहेब एकदम म्हणाले, “बसा ना.” मी मागे वळून बघितलं, कोण आलंय ते. कोणी नव्हतं. पुढे फेब्रुवारीपर्यंत ते मला ‘तुम्ही’ म्हणाले आणि एकदाही ओरडले नाहीत. माणूस ओरडायचा थांबला की घरात काय वाटतं ते लग्न झालेल्यांना सांगायला नको.

दुसरा बदल काळाचा. मी समोर बसलेला असताना माझ्याबद्दल भूतकाळात बोलायला लागले. “हे बिनकार्डाचे डबे यांच्या वेळचे.” अहो, यांची वेळ अजून चालू आहे! पण नाही. जानेवारीत सीलिंग मशीनचा पट्टा तुटला, तोही माझ्या वेळचा. ऑफिसच्या मागच्या फणसाला कुयरी कमी धरली, तेव्हा कोणीतरी माझ्याकडे बघितलं असं मला वाटलं.

सीझनच्या मीटिंगला बोलावणं बंद झालं. मी चहा घ्यायला गेलो की पॅन्ट्रीतलं बोलणं थांबायचं आणि कोणीतरी हवामानावर यायचं. रत्नागिरीत जानेवारीत हवामानावर बोलण्यासारखं फार नसतं, त्यामुळे लवकरच सगळ्यांची पंचाईत व्हायची. पॅकिंगचा सुपरवायझर मात्र रोज भेटायचा. त्याच्या पतपेढीच्या कर्जाला मी जामीन होतो. “दादा, तुम्ही जाताय याचं वाईट वाटतं,” असं म्हणून तो दर वेळी विचारायचा, “पण जामीन राहाल ना?”

इकडे वाशीच्या नव्या कंपनीचा दर शुक्रवारी फोन. “एक मार्चला येता येईल का? हापूसच्या आवकेआधी माणूस हवा.” आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात साहेबांनी स्वतःहून केबिनमध्ये बोलावलं. चहा कपबशीतून आला. “तुम्हाला घाई असेल तर 28 फेब्रुवारीला मोकळं करतो. उरलेले दिवस माफ. पैसे कापणार नाही. फक्त लवकर सोडा म्हणून तुमचा एक अर्ज द्या.”

माझे डोळे भरून आले. नव्वद दिवसांतले पंधरा दिवस सुटले! मी तिथेच अर्ज लिहायला घेणार होतो. पेन चाललं नाही म्हणून अकाउंट्समध्ये गेलो.

अकाउंट्सचे काका कमी बोलतात. त्यांनी पेन दिलं नाही. “लागलास कधी?” विचारलं.

“12 सप्टेंबर 2016. गौरी-गणपती नुकतेच गेले होते.”

काकांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडले. ग्रॅच्युइटीत महिन्याचे दिवस सव्वीस धरतात आणि पुऱ्या झालेल्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार देतात. पगार म्हणजे तेव्हा बेसिक आणि महागाई भत्ता. माझ्याकडे नुसतंच बेसिक, 20,800. भागिले 26, म्हणजे दिवसाचे 800. पंधरा दिवसांचे 12,000. “आता खरी गंमत,” काका म्हणाले. “शेवटचं वर्ष अर्धवट असेल आणि ते सहा महिन्यांच्या वर गेलं, तर पूर्ण धरतात. नाही गेलं तर सोडून देतात. 28 फेब्रुवारीला तुझी होतात आठ वर्षं, पाच महिने आणि सतरा दिवस. म्हणजे आठ. 96,000. पंधरा मार्चला गेलास तर आठ वर्षं, सहा महिने आणि वर चार दिवस. म्हणजे नऊ. 1,08,000.”

“साहेबांना हे माहीत असेल?”

“साहेबांना मी महिन्यापूर्वीच करून दिलं होतं,” काका म्हणाले आणि मग पेन पुढे केलं. “हवंय?”

मी अर्ज दिला नाही. साहेब पुन्हा ‘अरे’ वर आले, तेव्हा कुठे मला शांत झोप लागली. वाशीला कळवलं की अठरा तारखेच्या आत जमणार नाही. ते दोन दिवस गप्प राहिले, मग कबूल झाले. त्या दोन दिवसांत बारा हजारांपायी नोकरी घालवली, असं बायकोने मला साधारण चाळीस वेळा सांगितलं.

आता प्रश्न चार दिवसांचा. मी कॅलेंडर राखत बसलो. तेवढ्यात गावाहून आईचा फोन. शिमग्याची पालखी अकरा मार्चला आपल्या घरी. “यायचं नाय म्हंजे काय? मुंबयचे येतात नि तुला रत्नागिरीसून येवत नाय?”

नोटिशीत सुट्टी घेतली की तेवढे दिवस शेवटची तारीख पुढे जाते, असं एचआरच्या बाईंनी मला डिसेंबरात दम देऊन सांगितलं होतं. तेव्हा ती शिक्षा वाटली होती. आता मी धावत गेलो. “मॅडम, अकराची एक सुट्टी. तारीख पुढे ढकला, माझी काही तक्रार नाही.” पंधराचा शनिवार गेला, सोळाला रविवार, शेवटचा दिवस सतरा. सहा महिन्यांच्या वर चार दिवसांचे सहा झाले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू तुरुंगातून सुटणाऱ्या कैद्याने आणखी दोन रात्री मागितल्यात.

पालखी अंगणात टेकली, ओटी भरली आणि मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं. “ह्यो लेकरू परमुलखात चाकरीक चाललाय, त्याका यश दे रे म्हाराजा!” सगळी वाडी ओरडली, “व्हय म्हाराजा!” मी मनातल्या मनात पुढचं घातलं : आणि सतरा तारखेपर्यंत त्याका कोणी लवकर सोडू नको रे म्हाराजा.

सतराला नो-ड्यूजचा कागद घेऊन खात्याखात्यांतून फिरलो. आयटी, कॅन्टीन, सिक्युरिटी, अकाउंट्स. काकांनी सही केली आणि कॅलेंडरचं ते पान घडी करून माझ्या खिशात घातलं. शेवटचा रकाना होता ‘स्टोअर्स विभागप्रमुख’. माझ्या जागी अजून कोणी आलेलं नव्हतं. एचआरच्या बाई म्हणाल्या, “सही आणा.” मी बाहेर आलो, माझ्या खुर्चीत बसलो आणि माझ्याकडून काहीही येणे नाही अशी स्वतःच सही केली.

सही करून उठलो आणि रजिस्टर उघडून पुन्हा बसलो. एक स्टेपलर, 2019, माझ्या नावावर. तो शोधण्यात चार वाजले.