"फीडबॅक द्या" म्हटलं की फीडबॅक येत नाही

रविवारी सकाळी आमच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा लॅपटॉप घेऊन आला, चेहरा पार पडलेला. डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी कुठेतरी असाइनमेंट दिली होती त्याने, आख्खा शनिवार-रविवार घालवून केली, मित्राच्या हळदीला पण गेला नाही, आणि दहा दिवसांनी मेल की यावेळी तुम्हाला पुढच्या राउंडला घेता येत नाहीये, शुभेच्छा वगैरे. त्यावर त्याने लगेच उत्तर टाकलेलं, "प्लीज फीडबॅक द्याल का, मला सुधारायचं आहे." आठवडा झाला, काही नाही. "ताई, एवढं नम्रपणे विचारलं, दोन ओळी लिहायला काय जातं यांचं?"

मी म्हटलं, बाबा तू नम्रपणे विचारलंस हे खरं, पण विचारलंस काय?

हे जरा सविस्तर लिहिते कारण आता मी टेबलाच्या पलीकडे बसते. अंधेरीला आमच्या टीममध्ये अशा असाइनमेंट तपासायचं काम माझ्याकडे आहे आणि ते ऑफिसचं बाकी काम संपल्यावर संध्याकाळी करायचं असतं. एका बैठकीत दहा-बारा फाइली. प्रत्येकीला पहिल्या फेरीत पंधरा-वीस मिनिटं, खोटं कशाला बोलू. शीटमध्ये चार कॉलम: उत्तर बरोबर आहे का, क्वेरी वाचता येते का, गृहीतकं लिहिलीत का, आणि मॅनेजरला समजेल असं मांडलंय का. आकडे भरायचे, शेवटी रिमार्कमध्ये चार शब्द, की पुढची फाइल. घाटकोपरला मेट्रोतून उतरेपर्यंत तिसरी फाइल कुणाची होती ते माझ्या डोक्यातून गेलेलं असतं.

आता तुमचा "फीडबॅक द्या" वाला मेल जातो एचआरकडे, ज्यांनी तुमची फाइल उघडलेलीच नाहीये, त्यांच्याकडे फक्त ते आकडे आणि ते चार शब्द. त्यांनी काही पाठवायचं तर मला शोधायचं, मी फाइल परत पहिल्यापासून वाचायची, मग यातलं काय सांगितलेलं चालेल याचा विचार करायचा, कारण तीच असाइनमेंट पुढच्या महिन्यात दुसऱ्या पोरांना जाणार असते आणि पूर्ण उत्तर बाहेर गेलं तर नवीन बनवायला लागते. वर भीती ही की आपण कारण सांगितलं की समोरून वाद सुरू होतो. एवढं सगळं एका मोघम प्रश्नासाठी कोण करणार? म्हणून शुभेच्छा.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. २०१९. तीन फाइली दिल्या होत्या, ऑर्डरी, ऑर्डरमधल्या वस्तू आणि पेमेंट, सहा महिन्यांचा डेटा, आणि विचारलेलं की दर महिन्याची विक्री काढा आणि एका पानात सांगा धंद्यात काय चाललंय. मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं की मार्चमध्ये विक्री २२ टक्क्यांनी वाढली, तेव्हा मार्चमध्ये जे केलं तेच परत करा. चार्ट तर असला देखणा काढलेला की आईलाही दाखवला. शॉर्टलिस्ट नाही.

दोन दिवस रुसून बसले. मग एका संध्याकाळी माझीच फाइल परत उघडली आणि स्वतःला विचारलं की यात मला कुठे खात्री नव्हती? दोन जागा निघाल्या. आणि मग मेल लिहिला, त्याच मेलच्या साखळीत, नवीन विषय न टाकता, कारण त्या साखळीत असाइनमेंट पाठवणारा माणूस सीसीमध्ये होता. मेल अर्थात इंग्रजीत होता, मराठीत साधारण असा:

"निर्णय कळवल्याबद्दल आभार, तो बदलावा म्हणून हा मेल नाही. दोनच गोष्टी विचारायच्या होत्या, हो-नाही एवढं उत्तरही पुरेल. एक, मासिक विक्री काढताना मी वस्तूंचा टेबल पेमेंटच्या टेबलला जोडला, आकडा तिथे चुकला का? दोन, पान १ वरचा मार्चच्या वाढीचा निष्कर्ष तुम्हाला पटला का, की वाचताना तिथेच शंका आली?"

चौथ्या दिवशी तपासणाऱ्या माणसाचंच थेट उत्तर, तीन ओळी. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं, मार्चमध्ये तशी वाढ नाहीच, payments मध्ये मार्चपासून काय नवीन सुरू झालं ते बघा. बस.

बघितलं आणि कपाळावर हात मारला. महिन्यांची वाटणी सोडली तर माझी क्वेरी ही होती:

```sql
SELECT SUM(i.qty * i.price)
FROM order_items i
JOIN payments p
  ON p.order_id = i.order_id
WHERE p.status = 'SUCCESS';
```

दिसायला सरळ आहे, चालते पण, एरर येत नाही, तीच तर गोम आहे. मार्चपासून त्यांनी वॉलेट सुरू केलेलं. म्हणजे समजा ९०० रुपयांची ऑर्डर, तीन वस्तू, गिऱ्हाइकाने ३०० वॉलेटमधून दिले आणि ६०० यूपीआयने. पेमेंटच्या टेबलमध्ये त्या एका ऑर्डरच्या दोन ओळी झाल्या. तीन वस्तू दोन पेमेंटना जोडल्या की सहा ओळी, प्रत्येक वस्तू दोनदा मोजली, ९०० चे १८०० झाले. फेब्रुवारीपर्यंत एका ऑर्डरला एकच यशस्वी पेमेंट, म्हणून तोवरचे आकडे अगदी बरोबर, आणि मार्चमध्ये साधारण पाचव्या हिश्शाची विक्री अशी दोन तुकड्यांत भरलेली. फेब्रुवारी १० लाख, मार्च खरं तर १० लाख २० हजार, माझ्याकडे १२ लाख २० हजार. म्हणजे वाढ २ टक्के आणि मी २२ टक्क्यांवर आख्खी शिफारस उभी केलेली!

उपाय इतका छोटा की राग येतो. पेमेंटची रक्कम आपल्याला नकोच आहे, पैसे आले की नाही एवढंच बघायचंय, मग जोडायचं कशाला:

```sql
SELECT SUM(i.qty * i.price)
FROM order_items i
WHERE i.order_id IN (
  SELECT order_id FROM payments
  WHERE status = 'SUCCESS');
```

आणि आधीच कळलं असतं का? असतं. जोडायच्या आधी आणि नंतर ओळी मोजायच्या, यशस्वी पेमेंटची अट लावून ओळी कमी व्हायला हव्यात किंवा तेवढ्याच राहायला हव्यात, माझ्या वाढल्या होत्या. दहा सेकंदांचं काम. आता मी तपासते तेव्हा हेच सगळ्यात आधी बघते, आणि सांगते, चांगली चांगली पोरं इथे घसरतात.

पण मुद्दा क्वेरीचा नाही, तो मेल का चालला याचा आहे. त्याला फाइल पूर्ण वाचावी लागली नाही. मी बोट ठेवून दाखवलं होतं, त्याने मान हलवायची होती. उत्तर देताना आख्खी असाइनमेंट उघडी करावी लागली नाही, इशारा पुरला. आणि पहिल्याच वाक्यात वादाची भीती काढून टाकली होती. वेळही महत्त्वाची आहे, नकार आल्यावर चार-पाच दिवसांत विचारलं तर रिमार्क लिहिणाऱ्याला नाव नाही तरी ती जागा बघून काहीतरी आठवतं, दोन महिन्यांनी विचारलंत तर तेही आठवणार नाही.

काय विचारू नये तेही सांगते. "ज्यांना घेतलं त्यांनी माझ्यापेक्षा वेगळं काय केलं" हा प्रश्न एचआर वाचतं आणि बंद करतं, दुसऱ्या उमेदवाराबद्दल ते बोलणारच नाहीत आणि बोलूही नये. "मी चौदा तास घातले, मला कारण कळलंच पाहिजे" हे माझ्या एका मैत्रिणीने लिहिलं होतं, तिचं म्हणणं खोटं नव्हतं पण त्या वाक्याला उत्तर काय देणार कोण? आणि उत्तर आलं की त्यावर स्पष्टीकरण देऊ नका. मला इतकं वाटत होतं लिहावं की पण चार्ट तर बरोबर होते ना! नाही लिहिलं. आभार मानले आणि थांबले.

आणि हो, कधीकधी चूक नसतेच. जागाच बंद झालेली असते, आतल्याच कुणाला दिलेली असते, किंवा पगाराच्या आकड्यावर गाडी अडलेली असते. नेमक्या प्रश्नालाही "इतर उमेदवार अधिक योग्य होते" एवढंच आलं तर तो दरवाजा बंद समजायचा, दुसरा रिमाइंडर नको.

आता कंपन्यांबद्दल, कारण सगळं शहाणपण उमेदवारांनीच का दाखवायचं. माणसाचा शनिवार-रविवार फुकट घेता, मग दोन ओळींचं देणं लागता, हे माझं मत आणि ते मी आमच्या ऑफिसात पण बोलून दाखवलंय. आम्ही एवढंच केलं की रिमार्कच्या कॉलममध्ये "ठीक नाही" लिहायला बंदी, काय चुकलं आणि कुठल्या पानावर ते एका वाक्यात लिहायचं, म्हणजे कुणी विचारलं तर एचआर तेच वाक्य उचलून पाठवू शकतं. फाइलमागे दोन मिनिटं जातात. आधी सगळ्यांनी कुरकुर केली, मी पण केली.

तर रविवारी मी त्या पोराला म्हटलं, चहा घे आणि तुला कुठे खात्री नव्हती ते सांग. तो म्हणाला सगळीकडे होती. मग म्हटलं, पहिल्या पानावर लाल अक्षरात काय लिहिलंयस? त्याच्या डेटात १ जानेवारी ते ३० जून, आणि पहिल्या ऑर्डरनंतर ३० दिवसांत किती गिऱ्हाइकं परत आली ते महिन्यागणिक काढायचं होतं. याचे आकडे जानेवारीपासून मेपर्यंत ३० टक्क्यांच्या आसपास आणि जूनमध्ये १४. लाल अक्षरात, "जूनमध्ये गिऱ्हाइकं तुटली."

म्हटलं, चल, याच्यावर हो-नाहीचा प्रश्न लिही. तो टाइप करायला लागला, "जूनमध्ये पहिल्यांदा आलेली गिऱ्हाइकं ३० दिवसांत परत आली नाहीत हा माझा निष्कर्ष..." आणि थांबला. स्क्रीनकडे बघतोय, बोटांवर काहीतरी मोजतोय.

"ताई, पण २० जूनला आलेल्याला ३० दिवस मिळालेच कुठे? डेटा तर ३० तारखेला संपतोय."

मी काही बोलले नाही, बिस्किटाचा डबा पुढे केला.

"म्हणजे मे पर्यंतच मोजायला पाहिजे होतं. जून धरायचाच नव्हता." मग थोडा वेळ गप्प. "हा प्रश्न खोडू ना आता?"

खोडला. दुसरा एक ठेवला, गृहीतकं कमी पडली का असा, आणि सोमवारी सकाळी नऊला पाठवला. अजून उत्तर आलेलं नाही.