पहाटे चारचा गजर आणि सीसॅटचा पेपर

‘पहाटे चार ते सहा मेंदू सर्वांत तल्लख असतो. अवघड विषय त्याच वेळेत उरका. रात्री जागणारे आळशी, ते स्पर्धा परीक्षेत मागेच पडतात. एकवीस दिवस चारला उठा, सवय लागेल.’

अभ्यासिकांच्या ग्रुपवर दर महिन्याला फिरणारा हा मजकूर. एकेक दावा घेऊ.

तल्लखपणा घड्याळातल्या आकड्याला चिकटलेला नसतो. शरीराचं तापमान रोज एकदा तळाला जातं. साधारणपणे आपण गजराविना जागे होतो त्याच्या दोनेक तास आधी ही वेळ येते, आणि लक्ष व चपळाईही त्याच सुमारास सर्वांत मंद असतात. रात्री साडेनऊला झोपून पाचला आपोआप उठणाऱ्याचा तळ तीनच्या आसपास येऊन जातो. साडेपाचला तो गणितं सोडवू लागला तर उत्तमच. पण जी मुलगी मोकळ्या दिवसात दीडला झोपून साडेनऊला उठते, तिचा तळ साडेसातच्या सुमारास असतो. चारला ती पुस्तक उघडते तेव्हा शरीराच्या हिशेबाने मध्यरात्रच चालू असते, शिवाय झोपेतून ओढून काढल्याची गुंगी वेगळी. उताऱ्याची तीच ओळ तिसऱ्यांदा वाचली जाते, ओएमआरवर चोविसाव्याचं उत्तर पंचविसाव्यापुढे रंगवलं जातं. पहाटे शांतता असते, फोन वाजत नाही, हा फायदा खराच. पण तो शांततेचा आहे, मेंदूचा नव्हे.

आळसाच्या आरोपाला तर काहीच आधार नाही. पेशींमधलं हे घड्याळ जनुकांवर चालतं. ती यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. सकाळी फुलणं की रात्री, यात आनुवंशिकतेचा वाटा आहे, तसाच वयाचाही. पौगंडावस्थेपासून झोप उशिराकडे सरकत जाते, विशीच्या आसपास सर्वांत उशिरा असते आणि मग हळूहळू अलीकडे येते. पन्नाशीतले काका पाचला टवटवीत असतात आणि बावीस वर्षांचा पुतण्या नसतो, यात काकांच्या शिस्तीपेक्षा वयाचं श्रेय जास्त. गंमत म्हणजे हा मजकूर बहुतेक वेळा काकांकडूनच येतो.

एकवीस दिवसांचा दावा सर्वांत खोडसाळ, कारण तो उलटाही पडू शकतो. शरीराचं घड्याळ मुख्यतः उजेडावर लागतं. तापमानाच्या तळानंतर डोळ्यांवर पडलेला उजेड झोपेची वेळ अलीकडे आणतो, तळाआधी पडलेला पलीकडे ढकलतो. त्या मुलीने पहाटे चारला ट्यूबलाइटखाली मोबाइलवर नोट्स उघडल्या, तर तो उजेड तिच्या तळाच्या कितीतरी आधीचा. तिचं घड्याळ त्याने सरकलंच तर आणखी उशिराकडेच सरकेल. एकवीस दिवसांत जमा होते ती अपुरी झोप, आणि रविवारी अकरापर्यंत लोळून ती फेडली जाते.

मग करायचं काय? सुट्टीत आठवडाभर गजर न लावता झोपायची आणि उठायची वेळ टिपायची. मग सीसॅटचे सारख्याच काठिण्याचे वीस-वीस प्रश्न काही दिवस आलटून पालटून सकाळी दहा, दुपारी तीन आणि रात्री नऊला सोडवायचे, चुका आणि लागलेला वेळ लिहायचा. आपल्याला काय वाटतं यापेक्षा या वहीवर भरवसा ठेवावा. रात्री नऊला चुका कमी दिसल्या तर उतारे आणि गणित तिथे. वर्तमानपत्राची कात्रणं, नकाशे, जुन्या नोट्सची उजळणी मंद तासांत. फरक दिसलाच नाही तर वेळापत्रकाची उठाठेव सोडून द्यावी. पाच तास झोपून सोडवलेल्या संचाचे आकडे मात्र धरू नयेत. कमी झोपेपुढे वेळेचा फरक झाकला जातो. आणि सगळंच अवघड काम ऐन भरात करावं असंही नाही. २०११ च्या एका प्रयोगात उत्तर अचानक सुचावं लागतं अशी कोडी लोकांनी आपल्या मंद वेळेतच जास्त सोडवली होती.

एक अडचण मात्र उरतेच: यूपीएससीची पूर्वपरीक्षा कुणाच्या घड्याळासाठी थांबत नाही. पहिला पेपर साडेनऊला, सीसॅट अडीचला. म्हणून उशिरा फुलणाऱ्याने परीक्षेच्या दीड-दोन महिने आधी उठण्याची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे घ्यावी, उठल्याबरोबर अर्धा तास गच्चीवर उजेडात काढावा, रात्री दहानंतर दिवे मंद करावेत आणि रविवारीही तीच वेळ पाळावी. साडेनऊला उठणाऱ्याला साडेसहा गाठायला इतकी मुदत लागतेच. दुपारी अडीच ही जेवणानंतरच्या सुस्तीची वेळ, तेव्हा शेवटच्या महिन्यात सीसॅटचे सराव पेपर त्याच वेळेला द्यावेत, आणि दोन पेपरांच्या मधे काय नि किती खायचं तेही तेव्हाच ठरवून टाकावं.