सेंट्रलायझर मोजताना सारख्या लांबीच्या सायकली विसरू नका

«कुठल्याही परम्युटेशनचा सेंट्रलायझर एका ओळीत: डिसजॉइंट सायकली लिहा, त्यांच्या लांबींचा गुणाकार करा, जे अंक जागचे हलत नाहीत त्यांच्या संख्येचं फॅक्टोरियल लावा. बाकी काही नसतं. सगळे कम्यूट होतात म्हणून सेंट्रलायझर अबेलियन. Aₙ मधला हवा असेल तर निम्मं करा.»

ही युक्ती सगळ्यात छोट्या उदाहरणातच अडकते. S₄ मध्ये σ = (१ २)(३ ४) घ्या. युक्तीप्रमाणे उत्तर ४: e, (१ २), (३ ४) आणि खुद्द σ. आता τ = (१ ३ २ ४) बघा. १ जातो ३ वर, ३ जातो २ वर, २ जातो ४ वर आणि ४ परत १ वर. हेच दोनदा लावलं की १ आणि २ ची अदलाबदल होते, ३ आणि ४ ची अदलाबदल होते. म्हणजे τ² = σ. कोणीही स्वतःच्या वर्गाशी कम्यूट होणारच, त्याला वेगळी सिद्धता कशाला? तरीही वरच्या चौघांत τ कुठेच नाही. खरं उत्तर ८ आहे.

«बाकी काही नसतं» हे वाक्य का चुकतं, ते कम्यूट होण्याची अट उलगडली की दिसतं. τσ = στ याचा अर्थ प्रत्येक x साठी τ(σ(x)) = σ(τ(x)). म्हणजे τ ने १ ला कुठे नेलं हे एकदा ठरलं की १ च्या सायकलीतल्या बाकीच्यांना काही निवड उरत नाही. ते σ च्या मागोमाग ओढले जातात. पण १ ने आपल्याच सायकलीत राहावं अशी सक्ती या अटीत कुठेही नाही. तितक्याच लांबीची दुसरी सायकल असेल तर अख्खी सायकल उचलून तिकडे नेता येते. वेगळ्या लांबीच्या सायकलीत मात्र जाता येत नाही, कारण तीन पावलांत परत येणाऱ्या अंकाचं चित्रही बरोबर तीन पावलांतच परत यायला हवं.

जरा मोठं उदाहरण हातानेच करू. S₈ मध्ये σ = (१ २ ३)(४ ५ ६)(७ ८). युक्ती म्हणते ३ × ३ × २ = १८. आपण τ रचत जाऊ. τ(१) ला ७ किंवा ८ चालणार नाही, उरलेले सहाही चालतात. समजा τ(१) = ५ घेतला. मग τ(२) = σ(५) = ६ आणि τ(३) = σ(६) = ४ हे आपोआप आलं. आता τ(४) साठी पहिली सायकल रिकामी आहे, म्हणजे तीन पर्याय. त्यातला १ घेतला तर ५ जातो २ वर आणि ६ जातो ३ वर. शेवटी τ(७) साठी दोन पर्याय. ७ जागेवरच ठेवू. एकूण ६ × ३ × २ = ३६, युक्तीच्या बरोबर दुप्पट. आपण रचलेलं τ सायकलीत लिहिलं तर (१ ५ २ ६ ३ ४) येतं. त्याचा वर्ग करून पाहा: (१ २ ३)(४ ५ ६) मिळतो. S₄ मधलाच खेळ पुन्हा.

तर k लांबीच्या m सायकली असतील तर त्यांचा वाटा kᵐ · m! एवढा असतो, आणि वेगवेगळ्या लांबींचे वाटे एकमेकांना गुणायचे. kᵐ हे प्रत्येक सायकल किती घरं फिरवायची याचं, m! हे कोणती सायकल कोणावर न्यायची याचं. गंमत म्हणजे न हलणाऱ्या अंकांचं फॅक्टोरियल हे याचंच k = १ चं रूप आहे. एक लांबीच्या सायकलींची अदलाबदल युक्तीवाल्याने मान्य केली, दोन आणि तीन लांबीच्यांची केली नाही. S₇ मधल्या (१ २ ३)(४ ५) साठी युक्ती ३ × २ × २! = १२ देते आणि ते बरोबर आहे, कारण हलणाऱ्या सायकली वेगवेगळ्या लांबीच्या आहेत. अशीच दोन-चार उदाहरणं तपासली तर चूक कधी सापडायचीच नाही.

उत्तराची शंका आली तर उलट्या बाजूने ताडून बघा. n! ला सेंट्रलायझरच्या ऑर्डरने भागलं की त्या सायकल-टाइपची एकूण परम्युटेशन्स यायला हवीत. S₄ मध्ये २४ ÷ ४ = ६, पण चार अंकांच्या दोन जोड्या फक्त तीन प्रकारे पडतात; आणि २४ ÷ ८ = ३. S₈ च्या उदाहरणात २-सायकलचे अंक २८ प्रकारे निवडता येतात, उरलेल्या सहांचे तीन-तीनचे दोन गट १० प्रकारे पडतात, प्रत्येक गटातून दोन ३-सायकली होतात. २८ × १० × ४ = ११२०, आणि ४०३२० ÷ ३६ सुद्धा ११२०. ज्यांच्याकडे GAP आहे त्यांना एका ओळीत खात्री करता येईल, ३६ च येतं:

```
Size(Centralizer(SymmetricGroup(8), (1,2,3)(4,5,6)(7,8)));
```

«सगळे कम्यूट होतात» यात तर दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. सेंट्रलायझरमधला प्रत्येक जण σ शी कम्यूट होतो, एकमेकांशी होईलच असं नाही. वरचं τ आणि (१ २ ३), दोघेही σ च्या सेंट्रलायझरमध्ये आहेत. पण τ ने (१ २ ३) ला काँजुगेट केलं की (५ ६ ४) येतं, म्हणजे (४ ५ ६). ते (१ २ ३) नव्हे, तेव्हा हे दोघे आपसात कम्यूट होत नाहीत. सेंट्रलायझर अबेलियन व्हायचा तर सगळ्या सायकलींच्या लांबी वेगवेगळ्या हव्यात. सूट एवढीच की न हलणारे अंक दोन असले तरी चालतात, कारण S₂ अबेलियन आहे. तीन झाले की S₃ आत येतो आणि संपलं.

उरलं Aₙ चं निम्मं. A₅ मध्ये (१ २ ३ ४ ५) घ्या. S₅ मधला त्याचा सेंट्रलायझर पाच जणांचा, फक्त त्याचे घात. निम्मे किती, अडीच? निम्मं तेव्हाच होतं जेव्हा सेंट्रलायझरमध्ये निदान एक ऑड परम्युटेशन असतं. सम लांबीची एक जरी सायकल असली तर ती स्वतःच ऑड आहे. विषम लांबीच्या दोन सारख्या सायकली असतील तर त्यांची अदलाबदल k ट्रान्सपोझिशन्सची असते, k विषम, म्हणून तीही ऑड. यांपैकी काहीच नसेल, म्हणजे सगळ्या लांबी विषम आणि वेगवेगळ्या असतील (एक लांबीच्याही त्यात धरायच्या), तर सेंट्रलायझर पूर्ण Aₙ मध्येच बसतो आणि निम्मं करायला काही उरत नाही. (१ २ ३) ला A₅ मध्ये निम्मं चालतं: ३ × २! = ६, त्यात (४ ५) ऑड, म्हणून ३. ६० ÷ ३ = २०, सगळ्या ३-सायकली एकाच काँजुगसी क्लासमध्ये. पाच लांबीच्या सायकलीला सेंट्रलायझर ५ चा ५ च राहतो, ६० ÷ ५ = १२, आणि म्हणून S₅ मधल्या चोवीस ५-सायकलींचा एक क्लास A₅ मध्ये बारा-बाराच्या दोन क्लासमध्ये फुटतो.