जुलाब म्हणजे ॲलर्जी नव्हे

"अमॉक्सिसिलिनने जुलाब झाले? म्हणजे पेनिसिलिनची ॲलर्जी. फाइलवर लिहून ठेवा."

इंदूरच्या आपल्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज चुकीचा आहे. मी इथे औषधांचं दुकान चालवते. अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच गटातलं अँटिबायोटिक. ते आतड्यातले उपयोगी जंतूही मारतं, म्हणून जुलाब होतात, तो दुष्परिणाम. अगदी कमी डोसही झेपत नसेल, तर ती असहिष्णुता. ॲलर्जीत प्रतिकारशक्तीच औषधावर उलटते: बहुधा तासाभरात गांधी उठतात, ओठ सुजतात, धाप लागते.

शेजारच्या काकूंना तिसऱ्या दिवशी नुसते जुलाब झाले, तरी फाइलवर 'ॲलर्जी' लागलं. पुढे घशाच्या साध्या संसर्गालाही पेनिसिलिन टाळून दुसरं, जास्त प्रकारचे जंतू मारणारं औषध मिळालं.

फाइलवर काय झालं आणि किती वेळाने, तेवढं लिहा. जुनी नोंद स्वतः खोडू नका, डॉक्टरांना विचारा. आणि तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.