लाल शाईतला ‘का?’

अंबडच्या कारखान्यात मी गुणवत्ता विभागात आहे. म्हणजे दिवसभर लोकांनी मेहनतीने बनवलेल्या वस्तूंवर लाल टॅग लावतो आणि त्यावर ‘रिजेक्ट’ लिहितो. त्यामुळे लाल शाईबद्दल आपल्याला आदर आहे, असं मला परवापर्यंत वाटत होतं. परवा दहावीतल्या चिरंजीवांचा विज्ञान भाग १ चा सहामाहीचा पेपर सिडकोतल्या आमच्या घरी आला, पालकाच्या सहीसाठी. चाळीसपैकी तेवीस. आदर तिथेच संपला.

प्रत्येक पालक जे करतो तेच मी आधी केलं. गुणांची बेरीज तपासली. कॅल्क्युलेटरवर दोनदा. साडेबावीस आले. म्हणजे बाईंनी वरचा अर्धा गुण पदरचा घातला होता. हा शोध मी ताबडतोब विसरलो.

मग वळलो दुसऱ्या प्रश्नाकडे. ‘शास्त्रीय कारणे लिहा, कोणतीही दोन’, चार गुण. त्यातलं एक असं : थंड प्रदेशात तलावाचे पाणी गोठले तरी त्यातील मासे जिवंत राहतात. चिरंजीवांनी चांगल्या सहा ओळी लिहिल्या होत्या आणि समोर समासात, गोलात, अर्धा. दोनपैकी अर्धा!

“सहा ओळींना अर्धा? एका ओळीला एक दशांशही पडत नाही!” मी म्हणालो.

“पप्पा, मी तर पान भरलंय,” चिरंजीव म्हणाले. “आणि गंगापूर धरणावर कधी बर्फ झालाय का? मला काय माहीत मासे काय करतात ते.”

“निफाडला किती थंडी पडते, तेवढं तरी लिहायचंस,” स्वयंपाकघरातून आवाज आला. ते त्याने लिहिलं होतं. चौथ्या ओळीत. बाईंनी त्या ओळीवर नुसती एक आडवी रेघ मारली होती, शेरासुद्धा नाही. द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात हा मजकूर त्या रेघेखाली निवांत पडला होता.

मी वही-पेन घेऊन बसलो, बाईंना एक सभ्य पण खणखणीत चिठ्ठी लिहायला. चिठ्ठीत पुरावा हवा म्हणून उत्तर नीट वाचायला घेतलं, आणि तिथेच घात झाला. उत्तर असं होतं : ‘थंड प्रदेशात तलावाचे पाणी गोठते. वर बर्फ तयार होतो. बर्फाखाली पाणी असते. निफाडलाही थंडी असते व शेकोट्या पेटवतात. पाणी असल्यामुळे मासे मरत नाहीत. म्हणून मासे जिवंत राहतात.’

पहिल्या वाक्याखाली नागमोडी रेघ आणि शेरा, ‘हे प्रश्नातच आहे’. शेवटच्या वाक्याखाली तीच रेघ. दुसऱ्या वाक्यावर बारीक बरोबरची खूण. तिसऱ्याखाली सरळ रेघ आणि पुढे फक्त एक शब्द : ‘का?’

कारखान्यात एखादा नग मापात नसला की आम्ही आधी विचारतो, नेमका कुठे चुकला? म्हटलं, इथेही तेच करू. मी चिरंजीवांना सांगितलं, “तुझ्या उत्तरातून प्रश्नातली वाक्यं वजा कर.” पहिलं गेलं, शेवटचं गेलं. पाचवं थोडं वाचलं, पण तेही शेवटच्याचाच जुळा भाऊ. निफाड आधीच शहीद. उरली दोन : वर बर्फ होतो, खाली पाणी असतं. यातलं एक म्हणजे अर्धा गुण, आणि दुसऱ्याला बाई विचारत होत्या, का?

हा ‘का?’ बाईंनी अगदी हिशेबाने ठेवला होता. दोन गुणांच्या कारणाला त्या अर्ध्या-अर्ध्या गुणाचे चार मुद्दे मोजतात. चिरंजीवांनी एक मुद्दा लिहिला आणि त्याचेच तीन कपडे बदलले. मासे वाचतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं, ते का वाचतात हे मात्र कागदावर आलंच नव्हतं. शास्त्रीय कारणात घटनेला गुण नसतो, घटनेच्या मागच्या साखळीला असतो. त्यामुळे प्रत्येक वाक्यापुढे ‘का?’ ठेवून पाहायचं, आणि उत्तर पुढच्या ओळीत सापडलं तरच साखळी जुळली म्हणायची.

पुढच्या गणितातली चूक जातीनेच वेगळी होती. भिंगाचं गणित, वस्तू भिंगासमोर २० सेंटीमीटरवर. सूत्र बरोबर, त्याचे गुण मिळालेले. पण वस्तूचं अंतर उणे घ्यायचं होतं, यांनी अधिक घेतलं. तिथे बाईंनी चिन्हाभोवती इवलासा गोल काढला होता आणि पुढची आकडेमोड वाचायचे कष्ट घेतले नव्हते. ही चूक एका चिन्हाची. तीन वेळा तसलं गणित सोडवलं की जाईल. माशांची तशी जाणार नव्हती.

म्हणून पाठ्यपुस्तक काढलं, ‘उष्णता’ हा धडा, पाण्याचं असंगत आचरण. इतर बहुतेक पदार्थ थंड होताना आकसतात आणि आकसतच राहतात. पाणी मात्र ४ अंश सेल्सिअसपर्यंतच आकसतं. तिथे त्याची घनता सर्वांत जास्त. त्याहून थंड झालं की उलट प्रसरण पावायला लागतं. हे वाचून मी, वय वर्षे शेहेचाळीस, मनात म्हणालो, अरेच्चा! दहावीत हेच मला घोकून पाठ होतं आणि कळलं मात्र आत्ता.

“आता बघा,” मी जोशात आलो. “थंडीत तलावाचा वरचा थर गार होतो. ४ अंशाला जड होतो, खाली जातो. खालचं पाणी वर येतं, तेही गार होऊन खाली. असं करत सगळं पाणी ४ अंशाला येतं. पुढे वरचा थर आणखी गार झाला तर तो हलका होतो. मग खाली कसा जाईल?”

“नाही जाणार. वरच बसेल.”

“आणि तिथेच ० अंशाला गोठेल. बर्फ पाण्याहून हलका, तो तरंगतो. खालचं पाणी ४ अंशाला, मासे त्यात.”

चिरंजीवांच्या चेहऱ्यावर समजल्याचा भाव आला. मी तो आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिला (पहिल्यांदा मिसळीवरची जादा तर्री फुकट असते हे कळलं तेव्हा). चिठ्ठी फाडली. उत्साहाच्या भरात आदर्श उत्तर माझ्याच हाताने एका कागदावर लिहून दिलं. म्हटलं, हे बघून तुझ्या शब्दांत लिही.

चिरंजीवांनी ‘तुझ्या शब्दांत’ एवढंच गाळलं. माझाच कागद दुरुस्तीच्या वहीत चिकटवून बाईंना दाखवला.

संध्याकाळी वही परत आली. माझ्या अक्षरात माझं उत्तर, चार टापटीप वाक्यं, आणि समासात गोलात दीड. ‘बर्फ तरंगतो’ आणि ‘खालचे पाणी ४ अंशाला राहते’ या दोन वाक्यांच्या मध्ये एक लाल हंसपद. त्यावर बारीक अक्षरात, ‘का?’

रात्रभर थंडी पडतेय, वर बर्फ आहे, तर खालच्या पाण्याची उष्णता वर निघून जाऊन तेही का गोठत नाही? मी बराच वेळ पुस्तकाकडे बघत बसलो. शेवटी बायकोनेच सांगितलं, “अहो, बर्फ उष्णतेचा दुर्वाहक असतो ना. गोधडीसारखा वर पडून राहतो. उष्णता फार हळू बाहेर जाते, म्हणून तळापर्यंत गोठत नाही.” चौथा मुद्दा. अर्धा गुण.

“तुला कसं माहीत?”

“पेपर आला त्याच दिवशी वाचलं. तुम्ही बेरीज करत होतात.”

उत्तराखाली बाईंनी आणखी एक ओळ लिहिली होती : ‘अक्षर सुधारा.’ त्याखाली ठिपक्यांची रेघ, पालकाच्या सहीसाठी.

“पप्पा,” चिरंजीवांनी पेन पुढे केलं आणि थबकले. “यावर सही तुम्हीच करायची, की तुमच्या वतीने मी करू?”