बिल होईना

काल मीटिंगमध्ये साहेबांनी भिंतभर आकडा लावला: ६१ टक्के. "तक्रारीच्या शंभरातल्या ६१ तिकिटांवर तुम्ही गिऱ्हाइकालाच उलट प्रश्न विचारता." तुम्ही म्हणजे मी. जसा काही हौसेनं विचारतो.

आमचं सॉफ्टवेअर सोलापुरी चादर-टॉवेलवाल्यांच्या बिलिंगचं. तिकिटात बिल नंबर, व्हर्जन आणि एररचा मजकूर हवा, नसला की विचारावंच लागतं. अक्कलकोट रोडवरच्या एका अण्णांचं अख्खं तिकीट असं: "बिल होईना. अर्जंट."

"अण्णा, एरर काय येतोय?"

"लाल."

"लाल अक्षरात काय लिहिलंय?"

"विंग्रजीत हाय."

फोटो मागितला. आला. कॉम्प्युटर, चहाचा कप, आणि स्क्रीनवर फ्लॅशचा पांढरा गोळा. लाल अक्षरं नेमकी त्या गोळ्याखाली.

"बरं, बिल नंबर?"

"बिल झालंच नाही तर नंबर कुठनं आणू बे?"

यावर मी काय बोलणार? अण्णांचं बरोबरच होतं. बिलच होत नसेल तर बिल नंबर 'आवश्यक' कसा? तक्रार कसली आहे, त्यावर यादी बदलायला हवी. साहेबांच्या कोष्टकात सगळ्यांना एकच यादी.

रात्री चिडून शंभर तिकिटं चिठ्ठ्या टाकल्यागत निवडली आणि शब्द न् शब्द वाचली. साहेबांचा रिपोर्ट आमच्या उत्तरातलं प्रश्नचिन्ह मोजतो. आता तिकीट बंद करताना जो तयार मजकूर जातो, त्यात शेवटी असतं, "आणखी काही मदत हवी आहे का?" हे वाक्य साहेबांच्याच हुकमाचं! ते वगळलं, तिकिटात माहिती असूनही आमच्यातल्या कुणी ती पुन्हा विचारलेली वगळली, अण्णांचे चार प्रश्न एकाच तिकिटात धरले. उरली ३४. शंभराच्याच नमुन्यावर खरा आकडा ढोबळमानानं २५ ते ४३ च्या मध्ये कुठेही असू शकतो, हेही साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मध्ये कुठेही म्हणजे तुला माहीत नाही." आणि ६१ ला काय माहीत होतं?

त्यातून अर्धे प्रश्न आम्ही फोनवरच विचारतो, त्याची नोंदच नाही. तीन दिवस निरोप टाकत बसण्यापेक्षा दोन मिनिटांत काम होतं. म्हणजे ३४ सुद्धा कमीच.

यावर साहेबांचा तोडगा: सगळे रकाने सक्तीचे. आज अण्णांचं नवं तिकीट आलं. बिल नंबर: टिंब. व्हर्जन: "हाय". एरर: "लाल". रिपोर्टच्या लेखी माहिती पूर्ण, कारण आता तो प्रश्नचिन्हं सोडून रिकामे रकाने मोजतो. महिनाअखेरीस आकडा घसरेल, साहेब वरच्यांना पेढे देतील. मी मात्र अण्णांना फोन लावून बसलोय, आणि ते म्हणतायत, "सगळं भरून दिलंय की, परत काय इचारतो?"