पट्टा पडला की टोळीचा हिशोब कोयत्याकोयत्याने करा

कराड-वाळवा भागात साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ऊसतोड टोळीला गावी जायची घाई आणि वाहतूकदाराला ट्रॅक्टर मोकळा करायची. त्या गडबडीत मुकादम एकच आकडा सांगतो, "तुझ्या अंगावर एवढे फिरले." माझं ठाम मत आहे, सामान गाडीत भरायच्या आधी वजनाच्या पावत्या समोर ठेवून प्रत्येक कोयत्याचा, म्हणजे तोडणाऱ्या प्रत्येक जोडीचा, हिशोब वेगळा झालाच पाहिजे.

सगळी गडबड टनेजच्या वाटणीत होते. पावती निघते गाडीच्या नावाने, कोयत्याच्या नाही. म्हणून वाटणी हजेरीवर करावी लागते. समजा दहा कोयत्यांची टोळी, 120 दिवस तोड. एक जोडी आजारपणामुळे 15 दिवस फडात आली नाही, बाकी सगळे पूर्ण हजर. म्हणजे एकूण हजेरी 1,185. टोळीचं निव्वळ टनेज 2,370 असेल तर एका हजेरीला दोन टन पडतात. पूर्ण हजर कोयत्याचे 240 टन, आजारी जोडीचे 210.

टनाला 366 रुपये धरले तर त्या जोडीची मजुरी 76,860 होते. हंगामाआधी घेतलेली उचल 80,000 आणि हंगामभरात घरखर्चाला घेतलेली खर्ची 20,000, म्हणजे घेतलेले एक लाख. बाकी राहिली 23,140.

आता इथेच बहुतेक भांडणं होतात. मुकादम वर आणखी खाड्याचे, म्हणजे गैरहजेरीचे, दिवसाला 500 लावतो, म्हणजे 7,500, आणि बाकी 30,640 वर जाते. हे चूक आहे. न आलेल्या दिवसांचे 30 टन, म्हणजे 10,980 रुपये, वाटणीतच कमी झालेत. एकाच गैरहजेरीची वजावट दोनदा कशी? खाडा लावायचाच तर टनेज सगळ्यांना सारखं वाटा. दोन्ही एकदम नाही.

मुकादमाचं कमिशन कारखाना मजुरीच्या वर देतो, ते मजुरीतून कापायचं नसतं. उसाचे वाढे विकून आलेले पैसेही मजुराचे, ते उचलीत वळते करू नयेत. खर्चीच्या नोंदीवर मात्र तारीख आणि बायकोची सहीसुद्धा घ्या, कारण बऱ्याचदा किराण्याचे पैसे तिच्याच हातात दिलेले असतात आणि नवऱ्याला आकडा पटत नाही.

वाहतूकदाराची बाजूही खरी आहे. उचल बुडाली की कर्ज त्याच्या अंगावर येतं. पण बाकीपायी माणूस, पोरं किंवा बैल अडवून ठेवता येत नाहीत. 1976 च्या वेठबिगारी विरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. बाकीची साधी चिठ्ठी करा, दोघांकडे एकेक प्रत. उचल फिटली असेल तर नोटरीचा कागद आणि कोरा चेक त्याच दिवशी परत द्या. पुढच्या हंगामाची उचल जुन्या कागदावर वाढवून लिहू नका, नवा कागद करा आणि जुनी बाकी त्यात वेगळ्या ओळीत दाखवा.